दीड महिन्याचा डोस: सरकारी पेंटा घ्यावी की खासगीतली ‘पेनलेस’?

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ‘बी’ची लस झाली की पुढचा टप्पा दीड महिन्याचा. मग अडीच आणि साडेतीन महिन्यांचा. म्हणजे 6, 10 आणि 14 आठवडे. या तीन भेटींतली मुख्य लस कुठली घ्यायची, यावर बहुतेक घरांत चर्चा होते. उपकेंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी पेंटाव्हॅलंट एकीकडे, खासगी दवाखान्यातली सहा-इन-वन ‘पेनलेस’ दुसरीकडे. चर्चेत लस क्वचितच असते. असते ती तापाची भीती. आजी म्हणते, सरकारी घेतली की बाळ रात्रभर तापतं. म्हणून दोन्ही लसी शेजारी ठेवून पाहू.

पेंटामध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘बी’ आणि हिब, अशा पाच आजारांपासून संरक्षण आहे. हिब हा मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा जंतू. सहा-इन-वनमध्ये हेच पाच, शिवाय पोलिओची इंजेक्शनची लस. सरकारी वेळापत्रकात ती पोलिओ लस वेगळी, उजव्या दंडावर कातडीत 0.1 मिली देतात. म्हणजे आजारांच्या बाबतीत दोन्हीकडचं बाळ सारखंच झाकलं जातं. फरक एकाच घटकात आहे, डांग्या खोकल्याच्या.

सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचा मारलेला अख्खा जंतू असतो. ‘पेनलेस’मध्ये त्या जंतूची फक्त निवडक दोन-तीन प्रथिनं शुद्ध करून घातलेली असतात. अख्ख्या जंतूच्या आवरणात ताप आणणारे घटक असतात, त्यामुळे शरीर जोरात प्रतिक्रिया देतं. पेंटानंतर साधारण निम्म्या बाळांना थोडाफार ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिरतं. ‘पेनलेस’नंतर हे सगळं बरंच कमी होतं, पण शून्य होत नाही. आणि सुई मात्र दोन्हीकडे सारखीच टोचते. नावावर जाऊन बाळ रडणार नाही अशी अपेक्षा ठेवू नका.

टोचण्या किती होतात, तेही पाहा. तक्त्यातली न्यूमोकोकल ही न्यूमोनियाच्या आणखी एका जंतूवरची लस, आणि रोटा हे जुलाबाच्या विषाणूवरचे थेंब:

| वय | सरकारी | खासगी, सहा-इन-वन |
|---|---|---|
| दीड महिना | पेंटा, न्यूमोकोकल, दंडावर पोलिओ (3 टोचण्या); तोंडावाटे पोलिओ आणि रोटा | सहा-इन-वन, न्यूमोकोकल (2 टोचण्या); तोंडावाटे रोटा |
| अडीच महिने | पेंटा (1 टोचणी), पोलिओ आणि रोटा | पुन्हा 2 टोचण्या, रोटा |
| साडेतीन महिने | दीड महिन्यासारखंच (3 टोचण्या) | पुन्हा 2 टोचण्या. रोटा लागत असेल तर |

बेरीज केली तर सरकारीत सात टोचण्या, खासगीत सहा. हजारो रुपयांच्या फरकात वाचली ती एक टोचणी.

आता शुद्ध प्रथिनांच्या लसीची दुसरी बाजू. तिचं संरक्षण सुरुवातीला चांगलं असतं, पण वर्षं सरतात तसं ते लवकर उतरतं. अमेरिकेने 1997 पासून लहान मुलांना हीच लस देण्याचं धोरण घेतलं. 2010 साली कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली. नऊ हजारांहून जास्त रुग्ण झाले, दहा बाळं दगावली. त्या साथीत लसीकरण पूर्ण झालेली सात ते दहा वर्षांची मुलंही मोठ्या संख्येने आजारी पडली होती. अख्ख्या जंतूची लस जास्त वर्षं टिकते, हे त्यानंतरच्या अभ्यासांतूनही दिसलं. आपल्याकडे आजारी मोठं भावंडं शाळेतून घरी येतं आणि पाळण्यातल्या बाळाजवळ खोकतं, म्हणून हा मुद्दा मला हलका वाटत नाही.

माझं मत सरळ आहे. बाळ निरोगी असेल तर पेंटा निर्धास्त घ्या. ‘पेनलेस’वर जाणारे पैसे सरकारी वेळापत्रकात नसलेल्या लसींसाठी ठेवा: सहा महिन्यांनंतर फ्लू आणि टायफॉइड, पुढे कांजिण्या आणि कावीळ ‘ए’. खर्चाचा प्रश्न नसेल आणि तापाची रात्र नकोच असेल, तर ‘पेनलेस’ घेण्यातही चूक नाही. खासगीत अख्ख्या जंतूची सहा-इन-वनसुद्धा मिळते. तिची किंमत कमी असते आणि ताप पेंटासारखाच येतो, तेव्हा बिल होण्याआधी कुठली आहे ते विचारा.

काही बाळांच्या बाबतीत मात्र निवड डॉक्टरांवर सोडायची. आधीच्या डोसनंतर झटके आले, बाळ निस्तेज आणि ढिलं पडलं, सलग तीन तासांहून जास्त रडलं किंवा मेंदूचा वाढत जाणारा आजार असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी ते सांगा. अशा वेळी शुद्ध प्रथिनांच्या लसीचा खरा उपयोग होतो. आधीच्या डोसला लगेच तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ती लस पुन्हा द्यायचीच नसते. साधी सर्दी किंवा कमी दिवसांचा जन्म ही कारणं यात येत नाहीत. कमी दिवसांच्या बाळालाही लस जन्मतारखेपासून मोजूनच द्यायची.

तापाची रात्र कशी काढायची

पेंटाचा ताप बहुधा त्याच संध्याकाळी किंवा रात्री चढतो आणि एक ते दोन दिवसांत उतरतो. हात लावून अंदाज करू नका. डिजिटल थर्मामीटर कोरड्या काखेत घट्ट धरून बीप होईपर्यंत थांबा. 99.5 फॅरनहाइटच्या वर ताप धरायचा, पण औषध लागतं ते 100.4 च्या वर गेल्यावर किंवा बाळ कळवळत असेल तेव्हा. लस टोचण्याआधीच ‘खबरदारी म्हणून’ पॅरासिटामॉल पाजू नका. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आधीपासून औषध दिलेल्या बाळांमध्ये लसीची प्रतिपिंडं थोडी कमी तयार झालेली दिसली.

औषधाचं माप वजनावर ठरतं, वयावर नाही. समजा, दीड महिन्याचं बाळ 4.2 किलोचं आहे. सकाळी अकराला लस झाली आणि संध्याकाळी सातला काखेत 100.8 ताप आला. एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम बसतं. 12 धरलं तर 4.2 गुणिले 12, म्हणजे सुमारे 50 मिलिग्रॅम. आता बाटली हातात घेऊन लेबल वाचा. थेंबांच्या छोट्या बाटलीत सहसा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, म्हणून ड्रॉपरने 0.5 मिली. सिरपच्या बाटलीत 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असेल तर हाच डोस जवळपास 2 मिली होतो. 5 मिलीत 250 असेल तर फक्त 1 मिली. गरज वाटली तर पुढचा डोस सहा तासांनी, रात्री एकला. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. साडेतीन महिन्यांच्या भेटीपर्यंत वजन सहा किलोच्या आसपास गेलेलं असतं, तेव्हा मागची चिठ्ठी न वापरता हिशेब नव्याने करायचा.

सगळ्यात धोक्याची चूक इथेच होते. थेंबांचं औषध सिरप समजून अर्धा चमचा पाजलं, तर 2.5 मिलीत 250 मिलिग्रॅम गेलं. म्हणजे या बाळाला हव्या त्याच्या पाचपट. असं झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. 500 च्या गोळीचा पाव तुकडा म्हणजेही 125 मिलिग्रॅम, या वजनाला दुप्पटीहून जास्त. म्हणून थेंब आणि ड्रॉपरच बरे. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची औषधं या वयात नकोत, ॲस्पिरिन तर कधीच नाही.

बाकी काळजी साधी आहे. टोपरं आणि जाड दुपटं काढा, सुती झबलं पुरे. अंगावरचं दूध वरचेवर पाजा. पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने, थंड पाणी किंवा बर्फ नको. टोचलेल्या मांडीवर ओलं गार फडकं ठेवलं तर बाळाला बरं वाटतं. तिथे चोळू नका, शेकू नका, हळद किंवा तेल लावू नका. मांडीत वाटाण्याएवढी कडक गाठ राहिली तर ती दुखत नसताना काही आठवडे राहू शकते आणि आपोआप विरते. पण दोन दिवसांनंतर लाली आणि सूज वाढतच गेली, जागा गरम लागली, तर पू होत असण्याची शक्यता असते, दाखवून घ्या.

लस झाल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसा, कारण तीव्र ॲलर्जी झाली तर ती बहुधा तेवढ्या वेळात कळते. घरी आल्यावर पुढच्या गोष्टी दिसल्या तर रात्र असली तरी न्यायचं: ताप 102 च्या वर आणि औषधाने न उतरणारा, तीन तास न थांबणारं रडणं, झटका, बाळ निळसर-पांढरं किंवा ढिलं पडणं, दूध न ओढणं, सात-आठ तास शू न होणं. ताप 48 तासांच्या पुढे गेला किंवा दोन दिवसांनंतर नव्याने आला, तर तो लसीवर ढकलू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाचा असा ताप त्याच दिवशी तपासायलाच हवा.

पहिला डोस एकीकडे, दुसरा दुसरीकडे झाला तर

तिन्ही डोस एकाच प्रकारचे असणं उत्तम. पण गावाला गेलात आणि तिथे पेंटाच मिळाली, तर ती घ्या, पाहिजे त्या कंपनीच्या लसीसाठी थांबू नका. कार्डावर कुठली लस दिली ते मात्र लिहून घ्या. डांग्या खोकला पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत जीवघेणा असतो, म्हणून उशिराचा तोटा प्रकाराच्या फरकापेक्षा मोठा आहे. तारीख चुकली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा आणि पुढच्यासाठी किमान चार आठवडे सोडायचे. रोटाच्या थेंबांना मात्र वयाची मर्यादा आहे. खासगीत पहिला डोस 15 आठवड्यांच्या आतच सुरू करतात.

सरकारी केंद्रातल्या लसीच्या दर्जाबद्दल शंका असेल तर एक गोष्ट स्वतः पाहता येते. पेंटाच्या कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तर लस उष्णतेने खराब झालेली नाही. दोघांचा रंग सारखा किंवा चौकोन गडद झाला असेल तर ती वापरायची नसते. सिस्टरना कुपी दाखवा म्हणायला संकोच करू नका.

नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप वेगळ्या वेळी येतो. त्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो आणि तो शरीरात वाढायला वेळ घेतो, म्हणून ताप बहुधा सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, सोबत अंगावर थोडं पुरळही असू शकतं. तेव्हा ताप आला की आधी कार्डावरची तारीख पाहून दिवस मोजा, आणि डॉक्टरांना फोन करताना तो आकडा पहिल्यांदा सांगा.