इक्वलायझर आणि बेस बूस्ट: काही महिने वापरल्यानंतर

फोनच्या स्पीकरवर बेस बूस्टचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. इयरबडवर आहे, पण बड कानात नीट बसला असेल तरच.

अमीर खाँसाहेबांच्या इंदूर घराण्याची विलंबित गायकी लावून बघा, कारण तिथे मंद्र सप्तकात बराच वेळ जातो. सा काळी एक धरला, तर मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झवर येतो. फोनचा चिमुकला स्पीकर एवढा खालचा सूर जेमतेमच काढतो. तरीही पंचम ओळखू येतो, कारण त्याचे वरचे स्वरांश, म्हणजे २०८, ३१२, ४१६ हर्ट्झ, कानावर पडतात आणि मेंदू खालचा सूर भरून काढतो. म्हणून स्पीकरवर इक्वलायझरमधली ६० हर्ट्झची पट्टी कितीही चढवली तरी डग्ग्याचा घुमारा येत नाही, फार तर फोनची पाठ थरथरते. २३० ची पट्टी २-३ डेसिबल वर नेली, तर आवाजाला थोडं अंग येतं. स्पीकरसाठी एवढंच पुरे.

इयरबडमध्ये आधी सिलिकॉनची टोपी बदलून बघा. फट राहिली की खालचे सूर तिथून निसटतात, आणि तो तोटा इक्वलायझर भरून काढत नाही. भर रहदारीत बेस गायब वाटतो तोही बराचसा यामुळेच. गाड्यांची घरघर उरलेला बेस झाकून टाकते.

आता प्रीसेट. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पट्ट्या ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४००० हर्ट्झच्या असतात. अँड्रॉइडच्या मूळ यादीत ‘रॉक’ म्हणजे +५, +३, −१, +३, +५. ‘नॉर्मल’सुद्धा सपाट नाही, दोन्ही टोकांना +३ आहे. तुलना करायची तर ‘फ्लॅट’शी करा, आणि दोन्ही वेळा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवून. नाहीतर जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं, आणि प्रीसेटचं बरंचसं कौतुक या फरकाचंच असतं.

खरी गडबड पट्ट्या वर नेण्यात आहे. आजची बरीच गाणी कमाल पातळीला टेकूनच बनवलेली असतात. त्यावर +६ म्हणजे लहरीची उंची दुप्पट, आणि तेवढी जागाच नसते. मग डग्ग्याच्या प्रत्येक घावाला गायकाचा आवाज फाटतो, किंवा आवाज कमाल पातळीवर रोखणारा लिमिटर असेल तर क्षणभर दबून परत वर येतो. हे ऐकू आलं की ६० ची पट्टी शून्यावर ठेवा, बाकीच्या चार −६ वर आणा आणि फोनचा आवाज वाढवा. बेस तेवढाच मिळतो, फाटणं थांबतं.

बडच्या अॅपमधला इक्वलायझर आणि फोनमधला, दोन्ही एकदम चालू ठेवू नका. त्यांची बेरीज होते. मी बडचाच ठेवते, कारण फोन बदलला तरी तो बहुधा बडमध्येच राहतो.