८००० हर्ट्झचा माउस घेतला, आठ महिन्यांनी १००० वर चालवतोय

दिवाळीच्या बोनसमधून नागपूरच्या बर्डीवरून नवा वायरलेस माउस आणला, त्याला आता आठ महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार असो की कौतुक, ते माउसपेक्षा त्याच्या तीन सेटिंगबद्दल आहे. ही तीन सेटिंग आजकालच्या बहुतेक गेमिंग माउसमध्ये सारखीच असतात : पोलिंग रेट, डीपीआय आणि लिफ्ट-ऑफ डिस्टन्स. पोलिंग रेट म्हणजे कॉम्प्युटर माउसला सेकंदाला किती वेळा हालचाल विचारतो, तो हर्ट्झमध्ये मोजतात; बाकी दोन पुढे येतील.

आधी माझा संसार सांगतो. सहा कोअरचा पाच वर्षं जुना प्रोसेसर, १४४ हर्ट्झचा मॉनिटर, ४५ सेंटिमीटर रुंद कापडी पॅड. खेळ म्हणजे रात्री जेवणं आटोपल्यावर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम. माउससोबत ८००० हर्ट्झवाला वेगळा डोंगल आला होता. तो लावला, सॉफ्टवेअरमध्ये सगळं वरच्या टोकाला नेलं आणि पहिल्याच रात्री चार मॅच हरलो. नेम चुकत नव्हता, पण माउस जोरात फिरवला की ऐन वेळी चित्र क्षणभर अडखळायचं.

टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर प्रोसेसर निवांत. इथेच मी दोन आठवडे वाया घालवले. ड्रायव्हर बदलले, ग्राफिक्स कार्डला शिव्या घातल्या. गोम नंतर कळली. माउस स्थिर असताना यूएसबी कंट्रोलर सेकंदाला ८००० वेळा विचारत राहतो, ‘काही आहे का?’, आणि माउस दर वेळी ‘नाही’ म्हणतो. ती विचारपूस प्रोसेसरपर्यंत जातच नाही. माउस हलला की मात्र हालचालीच्या प्रत्येक निरोपामागे, म्हणजे रिपोर्टमागे, प्रोसेसरला हातातलं काम थांबवून तो घ्यावा लागतो, आणि मग विंडोज तो गेमला देते, शिवाय मागे माउसवर कान ठेवून बसलेल्या इतर प्रोग्रॅमनाही. म्हणून नुसता डेस्कटॉप बघत बसलं तर भार दिसत नाही.

तपासायची रीत साधी आहे. प्रॅक्टिस रेंजमध्ये एका जागी उभं राहायचं, भिंतीकडे तोंड करायचं आणि माउसला हात न लावता एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम येतात ते, बघायचे. मग त्याच जागी वीस सेकंद माउस गोलगोल फिरवायचा. माझ्याकडे स्थिर असताना २१० च्या आसपास यायचे. १००० हर्ट्झवर फिरवताना पाच-सात कमी व्हायचे. ८००० वर फिरवताना १६५ पर्यंत यायचे, आणि फ्रेमटाइमच्या, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेच्या, आलेखात मधूनमधून काटे उभे राहायचे. नजर मात्र कायम भिंतीवर हवी, नाहीतर दृश्य बदलल्यामुळे पडलेले एफपीएस माउसच्या नावावर लागतात.

व्हॅलोरंटच्या माउस सेटिंगमध्ये `Raw Input Buffer` आहे, ते चालू केलं. त्याने साठलेले रिपोर्ट गेम एकेक न घेता गठ्ठ्याने घेतो. काटे कमी झाले, संपले नाहीत. माउसचं रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर बंद केल्यावर अजून थोडा फरक पडला. सेटिंग माउसच्या मेमरीत जपून ठेवली की ते सॉफ्टवेअर चालू ठेवायची गरजच नसते. डोंगल समोरच्या हबमधून काढून मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावला. तरीही ८००० वर जोरात वळलं की अडखळणं होतंच. मे महिन्यात तर विचारू नका. बाहेर ४५ अंश, खोलीत कुलर असूनही घाम, आणि प्रोसेसर आधीच तापलेला. त्या दिवसांत ४००० सुद्धा जड व्हायला लागलं.

आता हिशेब बघा. १००० हर्ट्झला दोन रिपोर्टमध्ये १ मिलिसेकंद जातो, म्हणजे सरासरी वाट अर्धा मिलिसेकंद. ८००० ला ती जवळपास शून्यावर येते. कमाई अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी. माझ्या मॉनिटरची एक फ्रेम सुमारे ७ मिलिसेकंदांची. अर्ध्यासाठी मी एक अख्खी फ्रेम अडखळवत होतो.

पण खरी गंमत डीपीआयमध्ये लपली होती, आणि ती समजायला मला फेब्रुवारी उजाडला. डीपीआय म्हणजे एक इंच सरकल्यावर सेन्सर किती काउंट मोजतो. ८०० डीपीआयवर हात सेकंदाला एक इंच या वेगाने सरकला, जसा आपण डोक्यावर नेम बारीक जुळवताना सरकवतो, तर सेकंदात ८०० च काउंट तयार होतात. कंट्रोलर ८००० वेळा विचारतो, त्यातली निदान ७२०० उत्तरं रिकामी. सगळे ८००० रिपोर्ट भरायला हात सेकंदाला दहा इंचाने पळायला हवा, म्हणजे फ्लिक मारताना, झटक्यात वळून नेम धरताना. म्हणजे बारीक नेमाच्या वेळी वरचा पोलिंग रेट जवळजवळ कामाचाच नाही, आणि प्रोसेसरवर पूर्ण भार पडतो तो नेमका वळून गोळी मारायच्या क्षणी. मला अडखळणं तिथेच का जाणवायचं ते तेव्हा उमगलं.

मग डीपीआय वाढवला तर? ८००० हर्ट्झ ठेवून १६०० केला तर रिपोर्ट पाच इंचाच्या वेगालाच भरतात, म्हणजे भार उलट लवकर येतो. पण १००० हर्ट्झ ठेवून १६०० केला तर चित्र पालटतं. कितीही जोरात वळा, रिपोर्ट हजारावर जात नाहीत, आणि हळू हालचालीत पहिला काउंट निम्म्या वेळात येतो. सेकंदाला अर्ध्या इंचाच्या वेगाला ८०० डीपीआयवर दर अडीच मिलिसेकंदांनी एक काउंट, १६०० वर सव्वा मिलिसेकंदांनी एक. प्रोसेसरचं काहीही न जाता ८००० हर्ट्झच्या कमाईपेक्षा जास्त पदरात पडतं.

‘जास्त डीपीआयने पिक्सेल सुटत नाहीत’ असं जे सांगतात, ते माझ्या सेटिंगला लागू नाही. माझी सेन्सिटिव्हिटी ८०० वर ०.३५ होती. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना एक काउंट ०.०७ अंश वळवतो, म्हणजे माझा काउंट ०.०२४५ अंशाचा. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर मध्यभागी एक पिक्सेल साधारण ०.०७५ अंशाचा असतो. पिक्सेल आधीच सुटत नव्हते. फायदा फक्त वेळेचा.

१६०० केल्यावर सेन्सिटिव्हिटी निम्मी, ०.१७५. कागदावर हात तेवढाच फिरायला हवा होता. तरी नेम दर वेळी थोडा पुढे जायचा. महिनाभर मी स्वतःलाच दोष दिला. शेवटी पॅडशेजारी मोजपट्टी ठेवली. पूर्ण एक फेरा, ३६० अंश, किती सेंटिमीटरमध्ये व्हायला हवा ते असं निघतं :

```
360 ÷ (0.07 × 0.175 × 1600) × 2.54 = 46.65
```

प्रॅक्टिस रेंजमध्ये भिंतीच्या कडेवर क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यामधली नेमाची खूण, ठेवला, मोजपट्टीच्या कडेने माउस सरळ सरकवत पुन्हा त्याच कडेवर आणला. पॅड छोटा पडतो म्हणून अर्धा फेरा मोजून दुप्पट करायचा. तीनदा मोजलं, ४४.५ च्या आसपास. म्हणजे माउस १६०० म्हणतो, पण मोजतो जवळपास १६८०. असा काही टक्क्यांचा फरक माउसमाउसमध्ये असतो, जुना माउस बदलला की हात ‘बिघडतो’ तो यामुळेही. सेन्सिटिव्हिटी ०.१६७ केली आणि दोन दिवसांत जुना हात परत आला. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त फळ देणारी ही पंधरा मिनिटं होती. त्यासाठी लागली ती पुतण्याच्या कंपासमधली पट्टी.

राहिलं लिफ्ट-ऑफ डिस्टन्स. माउस पॅडवरून किती उचलला की सेन्सर वाचणं थांबवतो, ती उंची. पूर्ण फेऱ्याला ४६ सेंटिमीटर लागणाऱ्या माझ्यासारख्याला माउस सारखा उचलून परत मधोमध ठेवावा लागतो. उचलताना हात सरळ वर जात नाही, थोडा आडवा किंवा मागे सरकतोच. तेवढ्यात सेन्सरने एक मिलिमीटरची अशी हालचाल जरी वाचली, तरी माझ्या सेटिंगवर क्रॉसहेअर ०.७७ अंश सरकतो, म्हणजे पडद्यावर सुमारे दहा पिक्सेल. लांबच्या शत्रूचं डोकं तेवढंही नसतं. डोक्याच्या उंचीवर लावलेला क्रॉसहेअर उचल-ठेव झाल्यावर छातीवर का येतो, याचं उत्तर हे.

सॉफ्टवेअरमध्ये १ आणि २ मिलिमीटर असे पर्याय आहेत, पण पॅडनुसार खरी उंची बदलते. मी जुन्या सीडी वापरल्या. एक सीडी १.२ मिलिमीटर जाड असते. दोन सीडी थोड्या अंतरावर ठेवायच्या, माउसचं पुढचं टोक एकीवर, मागचं दुसरीवर, सेन्सरखाली मोकळा पॅड. माउस सीडींसकट सरकवून बघायचा. २ च्या सेटिंगवर कर्सर आरामात हलत होता, १ वर थांबला. मी १ ठेवला.

इथे माझी फजिती झाली. मार्चमध्ये माउसखालच्या घासलेल्या स्केट्स, म्हणजे ज्यांवर माउस घसरतो त्या गुळगुळीत पट्ट्या, बदलायच्या होत्या, तर आळसाने जुन्यांवरच नव्या चिकटवल्या. त्याच रात्री फ्लिक मारताना क्रॉसहेअर मध्येच गोठायला लागला. मला वाटलं सेन्सर गेला. खरं म्हणजे माउस एका स्केटच्या जाडीएवढा वर आला होता आणि वळताना जरासा तिरका झाला की सेन्सर १ मिलिमीटरची हद्द ओलांडत होता. अडखळणं आणि गोठणं यातला फरक लक्षात ठेवा : एफपीएस पडले तर पोलिंगकडे बघा, एफपीएस जागच्या जागी आणि फक्त क्रॉसहेअर थांबला तर उंचीकडे. जुन्या स्केट्स ड्रायरने गरम करून काढल्या, काम झालं. पॅड धुतल्यावर नीट न वाळता कडेला फुगला तरी असंच होतं, पावसाळ्यात मला दोनदा आला हा अनुभव.

बॅटरी १००० वर आठवडाभर सहज जाते, ४००० वर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केबल शोधावी लागायची.

मागच्या रविवारी मानेवाड्याचा चुलतभाऊ आला होता. स्क्रीन बघून म्हणाला, “दादा, आठ हजाराचा माउस घेऊन हजारावर काऊन चालवून राहिला?” त्याच्याकडे नवा आठ कोअरचा प्रोसेसर आणि ३६० हर्ट्झचा मॉनिटर आहे. तिथे फ्रेमच पावणेतीन मिलिसेकंदांची, म्हणून त्याला ४००० चा उपयोग होऊही शकतो. भिंतीसमोर वीस सेकंद फिरवून बघ म्हणालो आणि ड्रॉवरमधला डोंगल त्याला दिला. मोजपट्टी दिली नाही, ती पुतण्याला शाळेत लागते.