नवीन स्वयंपाकाच्या मावशींसाठी: तक्ता की पत्र?

नवीन मावशी कामाला लागल्या की घरचं खाणंपिणं त्यांना कसं कळवावं, हा प्रश्न पडतोच. मी ओट्यासमोर लावलेला तक्ता आणि पत्र, दोन्ही करून पाहिलं आहे. तोंडी सांगणं धरत नाही, ते चौथ्या दिवशी विसरलं जातं.

आठवड्याच्या वेळापत्रकाला तक्ता फार सोयीचा. कोणत्या दिवशी कोण उशिरा येतं, डबे किती, हे एका नजरेत दिसतं.

माझी अडचण झाली ती एका रकान्यामुळे. त्याचं नाव होतं 'चालत नाही'. ह्यांच्या नावापुढे भोपळी मिरची, सासूबाईंच्या दूध, धाकट्याच्या शेंगदाणे. खरं तर ह्यांना मिरची आवडत नाही, एवढंच. सासूबाईंना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे चहातलं चमचाभर दूध त्यांना सोसतं. धाकट्याला मात्र ॲलर्जी, तिथे कणभरही नको. माझ्या एका शब्दाने तिन्ही गोष्टी सारख्याच करून टाकल्या.

हे मिरची वेचून बाजूला ठेवतात, हे मावशी रोज बघत होत्या. त्यांनी धाकट्याची भाजी दाण्यांशिवाय वेगळी केली, पण ढवळली मोठ्या पातेल्यातल्याच डावाने. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. श्वास लागला नाही, पण तातडीने दवाखाना गाठावा लागला. मावशींना मी दोष देत नाही. डावाचं तक्त्यात कुठे होतं?

म्हणून पुढच्या मावशींना पत्र लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा:

"धाकट्याचं आधी शिजवा. त्याचा डाव, पातेलं आणि मिक्सरचं भांडं वेगळं आहे. दाणे भाजले किंवा शिजवले तरी त्याला बाधतातच. एकदा दाणे तळलेलं तेल त्याच्यासाठी वापरू नका. ओठ सुजले, उलटी झाली, आवाज बसला किंवा धाप लागली, तर आधी मला हाक मारा. इंजेक्शन फ्रीजवरच्या डब्यात आहे, ते मांडीत द्यायचं असतं. बुधवारी मोठी खेळून उशिरा येते, तिचं जेवण हलकं ठेवा. तिला भूक नसेल तर आग्रह करू नका."

पत्राचंही दुखणं आहे. लांबलं की पुन्हा कुणी उघडत नाही, म्हणून एका पानात आटोपावं. मावशींना वाचता येत नसेल तर तेच आपल्या आवाजात रेकॉर्ड करून द्यावं. ज्या घरात फक्त आवडीनिवडी आहेत, तिथे तक्ता पुरेल असं मला वाटतं. ॲलर्जी असेल तर मी पत्राकडेच झुकेन, कारण त्यात 'का' लिहायला जागा असते.

पत्र वाचून या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दाणे कुटल्यावर हाताला सॅनिटायझर लावला तर चालेल ना?" चालत नाही, दाण्याचा अंश त्याने जात नाही, साबण-पाणीच लागतं. ती ओळ मी पत्रात वाढवली.