पालकसभेतला निकाल: सरासरीचा स्तंभ की श्रेणींची पट्टी?

पुण्यातल्या शाळांमध्ये वार्षिक निकालानंतरच्या पालकसभेत मुख्याध्यापक बहुधा विषयवार सरासरीचे स्तंभ दाखवतात. दुसरा पर्याय म्हणजे प्रत्येक तुकडीची एक आडवी पट्टी काढून त्यात कोणत्या गटात किती मुलं आहेत ते रंगांनी दाखवणं. पालकांसाठी आम्ही हा दुसरा पर्याय सुचवू.

समजा, नववीच्या अ आणि ब तुकडीत प्रत्येकी ४० मुलं आहेत आणि दोन्हींची गणिताची सरासरी ५८ च्या आसपास आहे. स्तंभ सारखेच उंच दिसतील आणि पालक निर्धास्त होतील. प्रत्यक्षात अ मध्ये ३५ च्या खाली २ मुलं आहेत, ब मध्ये १०. ब मध्ये ७५ च्या वरची मुलं १४ आहेत, अ मध्ये सहाच. ब ची सरासरी वरच्या मुलांनी सावरून धरली आहे. त्या दहा मुलांसाठी जादा तास लागणार, हे स्तंभ सांगत नाही. पट्टीतला लाल तुकडा पाहताक्षणी सांगतो.

गट दहावीच्या निकालातलेच ठेवावेत: ७५ आणि वर, ६० ते ७५, ४५ ते ६०, ३५ ते ४५ आणि ३५ च्या खाली. हे टप्पे पालकांच्या ओळखीचे असतात. मोजणी एक्सेलच्या सूत्रानेच करावी:

```
=COUNTIFS(C2:C41,">=45",C2:C41,"<60")
```

इथे `"<60"` ऐवजी `"<=59"` लिहिलं तर ५९.५ गुणांचा मुलगा कुठल्याच गटात बसत नाही. म्हणून पाचही आकड्यांची बेरीज पटाशी ताडून पाहावी. गैरहजर मुलापुढे शून्य न लिहिता `AB` लिहावं. शून्य लिहिलं तर तो नापासांत मोजला जातो आणि सरासरीही खाली ओढतो. `AB` मात्र कुठल्याच गटात येत नाही, त्यामुळे बेरीज पटापेक्षा तेवढ्याने कमी भरेल; गैरहजरांची संख्या पट्टीखाली लिहावी. मग `100% Stacked Bar` निवडावा आणि तुकड्यांवर टक्के न लिहिता मुलांची संख्या लिहावी. ‘४० पैकी १०’ हे आजीआजोबांनाही लगेच कळतं.

सरासरीचा स्तंभ पूर्ण टाकाऊ नाही. विषयशिक्षकांच्या बैठकीत, एकाच तुकडीचे सहा विषय शेजारीशेजारी ठेवायचे असतील तर तो सोयीचा पडतो. फक्त एक्सेल काही वेळा उभा अक्ष शून्याऐवजी ५० वगैरेपासून सुरू करतं. मग फरक चारच गुणांचा असूनही ६२ चा स्तंभ ५८ च्या दीडपट उंच दिसतो, आणि खालच्या स्तंभाच्या विषयशिक्षकाला विनाकारण बोल लागतो. `Format Axis` मध्ये `Minimum` शून्य करावं.

पट्टीची मर्यादा लहान तुकडीत जाणवते. पटावर बारा मुलं असतील तर लाल तुकड्यातला ‘१’ कोण, हे सभेत सगळ्यांना कळतं. तिथे खालचे दोन गट एकत्र करावेत, आणि तरीही एकच मूल उरलं तर ती पट्टी सभेत न दाखवता त्या घरच्यांशी वेगळं बोलावं.