जुन्या फोटोंची परवानगी: कॅमेऱ्यावर की कागदावर?

लालबागच्या चाळीवर व्हिडिओ करताय, आजींनी अल्बम पुढे ठेवलाय. परवानगी तोंडी रेकॉर्ड करायची की सही घ्यायची?

मेहनत कॅमेऱ्यावर कमी. पुनर्विकासाच्या कागदांनी पोळलेली माणसं सहीचं नाव काढलं की सावध होतात, बोलायला मात्र तयार असतात. पण "हा फोटो वापर गं" एवढ्याने भागत नाही. महिन्याभराने 'हा' म्हणजे कुठला ते कळत नाही. फोटो कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, मागे पेन्सिलने हलकेच घातलेला क्रमांक त्यांनाच वाचू द्या आणि व्हिडिओ यूट्यूबवर जाणार हेही त्यांच्याच तोंडून येऊ द्या. एडिटिंगनंतर मूळ फुटेज पुसलं, तर परवानगीचा पुरावाही गेला.

कागदाचं खरं काम वारसांपाशी पडतं. समजा, १९६५चा लग्नाचा फोटो आजोबांनी पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतला. वेगळा करार नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार पहिले मालक आजोबा, स्टुडिओवाला नव्हे. त्यांच्यामागे हक्क वारसांचा. अल्बम आजींच्या कपाटात आहे म्हणून त्या एकट्या मालक ठरत नाहीत. डोंबिवलीचे काकाही विचारावे लागतात. एका पानावर फोटोचे क्रमांक, वापर कुठे आणि सगळ्यांच्या सह्या पुरतात.

आजी स्वतःच्या आठवणी सांगत असतील, तर कॅमेरा पुरे. फोटो पडद्यावर दिसणार असेल, त्यातही वारस अनेक असतील, तर कागद हवाच.