डब्यावर क्रिएटिन, आत भलतंच

वजनं उचलणारे ताकदीसाठी घेतात ती क्रिएटिनची पावडर घ्यावी की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे अजून तसाच आहे. पण क्रिएटिनच्या नावाखाली मला काय विकलं गेलं, ते आज सविस्तर लिहून ठेवते आहे. पन्नाशीत वजनं उचलायला लागलेल्या बायका जिममध्ये वाढताहेत आणि हाच डबा त्यांच्याही हातात दिला जातोय. ही नोंद मी त्यांना वाचायला देणार आहे.

ट्रेनर म्हणाला होता, "मॅडम, साधं क्रिएटिन पुरुषांसाठी. बायका त्याने फुगतात. हे खास पन्नाशीनंतरच्या बायकांसाठी बनवलंय. हॉर्मोन सांभाळतं, हाडं भरून काढतं. दोन-तीन दिवसांत फरक जाणवेल बघा."

आणि फरक खरोखरच जाणवला. एक स्कूप पाण्यात घालून प्यायलं की थोड्याच वेळात गालांना, कानांना, बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. व्यायामाला तरतरी यायची. त्याला सांगितलं तर म्हणाला, "क्रिएटिन स्नायूंत शिरतंय, लागू पडलं तुम्हाला." पुढच्या काही आठवड्यांत स्क्वॉटचं वजन वाढलं, डेडलिफ्ट करताना पाठ सरळ राहायला लागली. त्याचंही श्रेय डब्याला गेलं. बिघडली ती फक्त झोप. पाळी जायच्या या काळात ती आधीच कच्ची असते, म्हणून सगळे वयाचंच कारण सांगत होते.

माझी मोठी बहीण औषधांच्या गुणवत्ता तपासणीत काम करून निवृत्त झाली. तिने डबा हातात घेतला, तो आधी मागच्या बाजूने. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत क्रिएटिन होतं. मागे बारीक अक्षरांत एका 'खास मिश्रणा'चं वजन दिलं होतं, 2,400 मिलिग्रॅम, आणि त्याखाली नुसती नावं: टॉरिन, बीटा-अलानिन, क्रिएटिन हायड्रोक्लोराइड, ग्रीन टीचा अर्क. कुठलं किती, ते कुठेच नाही. स्कूप मात्र 6 ग्रॅमचा. म्हणजे उरलेले साडेतीन ग्रॅमहून जास्त माल्टोडेक्स्ट्रिन ही भरीची पावडर, गोडी आणि वास.

ताई म्हणाली, "आकडा लपवला तरी क्रम लपवता येत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात." मग तिने पेन्सिल घेऊन गणित मांडलं. क्रिएटिन तिसऱ्या नंबरवर आहे. तिसरा घटक पहिल्या दोघांपेक्षा जास्त असूच शकत नाही. तेव्हा तिघांचं वजन अगदी सारखं धरलं आणि चौथ्याला काहीच उरलं नाही असं मानलं, तरी तिसऱ्याच्या वाट्याला 2,400 चा एक तृतीयांश येतो, म्हणजे 800 मिलिग्रॅम. हे जास्तीत जास्त. प्रत्यक्षात त्याहून कमीच. शिवाय हायड्रोक्लोराइडमध्ये शुद्ध क्रिएटिनचा भाग साधारण 78 टक्के, म्हणजे सव्वासहाशे मिलिग्रॅमच्या आतच. अभ्यासांमध्ये रोज वापरलेला डोस 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेटचा असतो. त्यातल्या 3 ग्रॅममध्येही शुद्ध क्रिएटिन अडीच ग्रॅमच्या पुढे, जवळपास 2.6 ग्रॅम. तेवढं या डब्यातून मिळवायचं तर रोज चारहून जास्त स्कूप घ्यावे लागतील, आणि त्यासोबत बाकीचं सगळंही चौपट पोटात जाईल.

दुसऱ्या दिवशी हा कागद ट्रेनरला दाखवला. तो म्हणाला, "आमचं पाण्यात चटकन विरघळतं, म्हणून कमी पुरतं." ते विरघळतं हे खरं आहे. पण साधं मोनोहायड्रेट पाण्यात थोडं रवाळ राहिलं, तळाशी बसलं, तरी ते ढवळून प्यायल्यावर आतड्यातून जवळजवळ सगळंच शोषलं जातं. जिथे वाया जाणारं काही उरतच नाही, तिथे कमी मात्रेत भागवायला जागा कुठली?

मला सगळ्यात जास्त राग आला तो मुंग्यांचा. त्या बीटा-अलानिनच्या होत्या. ते त्वचेखालच्या मज्जातंतूंना चेतवतं आणि तासाभरात ती जाणीव ओसरते. तिचा क्रिएटिनशी काही संबंध नाही. तरतरी ग्रीन टीच्या अर्कातल्या कॅफिनची, आणि माझी संध्याकाळची बॅच असल्यामुळे झोपही त्यानेच मोडली. डबा बंद केल्यावर ती बरीच सावरली. क्रिएटिन पोटात गेल्यावर काहीही जाणवत नाही. रोज 3 ग्रॅम घेतलं तर स्नायूंतला साठा भरायलाच तीन-चार आठवडे लागतात. भरल्यावरही मिळतं ते एवढंच की जड सेटच्या शेवटी एखादी जास्तीची आवृत्ती निघू शकते. म्हणून जे दोन-तीन दिवसांत जाणवतं, ते क्रिएटिन नसतं. ज्याने हे मिश्रण बनवलं त्याला हे नक्की ठाऊक असणार. न जाणवणाऱ्या वस्तूच्या नावाने जाणवणारी वस्तू त्याने भरली.

आणि वाढलेल्या वजनांचं काय? नव्याने वजनं उचलणाऱ्या कुणाचीही ताकद पहिल्या आठवड्यांत झपाट्याने वाढते. स्नायू तेव्हा फारसा वाढलेला नसतो; मेंदू आणि नसा आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतात. नवख्या बाईला काहीही पाजा, तिच्या वहीतले वजनांचे आकडे चढतेच दिसणार. अशा बाईला डबा विकणं फार सोपं आहे, कारण तिची स्वतःची मेहनतच विकणाऱ्याच्या बाजूने साक्ष देते.

हाडांचं आश्वासनही पोकळ निघालं. रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांवर व्यायामासोबत क्रिएटिन देऊन दोन वर्षं केलेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मांडीच्या हाडाच्या मानेची घनता क्रिएटिनमुळे वेगळी राहिली नाही. हाडाच्या आकाराशी, रचनेशी संबंधित काही मोजमापांत थोडा फायदा दिसला, तेवढ्यावर 'हाडं भरून काढतं' असं म्हणता येत नाही. आणि फुगण्याची भीती? तीही मोठ्या डोसाची. सुरुवातीचे काही दिवस रोज 20 ग्रॅम घेतलं तर एक-दोन किलो वजन वाढू शकतं, ते स्नायूंत धरलेलं पाणी असतं. तो टप्पा गाळून 3 ग्रॅमनेच सुरुवात करता येते.

पैसे परत मिळाले नाहीत. डबा उघडलेला होता, एवढंच कारण.

आता खऱ्या क्रिएटिनचा विचार. माझा कल घेऊन बघण्याकडे आहे, निदान तीन महिने तरी. घेतलं तर घटकांच्या जागी एकच नाव असलेलं, क्रिएटिन मोनोहायड्रेट, बिनवासाचं, बिनगोडीचं. डब्यावर बॅच नंबर हवा आणि तो तपासणाऱ्या त्रयस्थ संस्थेच्या यादीत मी स्वतः शोधणार. नुसत्या छापलेल्या शिक्क्यावर आता माझा विश्वास नाही.

त्याआधी रक्त तपासून घेते. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे मूत्रपिंड ठणठणीत असूनही अहवालात तो आकडा थोडा वर जाऊ शकतो. आधीचा आकडा हाताशी नसेल तर पुढे घाबरायचं की नाही, हे कळणारच नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, पावडर सुरू केली तर त्यांना कळवायचं, आणि पुढे शंका आलीच तर सिस्टॅटिन-सी तपासायचं, कारण ते क्रिएटिनमुळे हलत नाही. माझ्या मैत्रिणीचं मूत्रपिंड आधीपासून नाजूक आहे. तिला त्यांनी सरळ नको म्हटलं, आणि तिच्याकडेही त्याच ट्रेनरने दिलेला तोच डबा आहे. उद्या सकाळी तिच्याकडे जाऊन तो बंद करायला सांगते.