मेमोरँडम की आर्टिकल्स, प्रायव्हेट की पब्लिक : खूण कुठल्या पर्यायावर करायची?

कंपनी कायद्याची प्रश्नपत्रिका शिकवताना एक प्रश्न मी मुद्दाम पहिल्याच तासाला टाकतो. एका कंपनीचं अधिकृत भांडवल 10 लाख रुपये आहे आणि ते 50 लाख करायचंय. कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये तशी मुभा आहे. मग ठराव कोणता लागेल, साधारण की विशेष?

बहुतेक जण ‘विशेष’वर खूण करतात. त्यांचा तर्क तसा चुकीचा नसतो. भांडवलाचं कलम मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या घटनापत्रकात असतं आणि मेमोरँडम बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने पडावी लागतात. पाठ्यपुस्तकातला ‘घटनापत्रक आणि नियमावली यांतील फरक’ हा तक्ता अगदी हेच सांगतो. तरीही उत्तर ‘साधारण’ आहे. 2013 च्या कायद्यात मेमोरँडमच्या बदलाचं कलम 13 सुरुवातीलाच कलम 61 ला बाजूला ठेवतं. कलम 61 म्हणतं, आर्टिकल्सनी परवानगी दिली असेल तर कंपनी सर्वसाधारण सभेत अधिकृत भांडवल वाढवू शकते. तिथे ‘विशेष’ हा शब्द नाही, म्हणून साध्या बहुमताचा साधारण ठराव पुरतो.

याच प्रश्नातलं ‘आर्टिकल्समध्ये तशी मुभा आहे’ हे वाक्य काढून टाकलं की उत्तर फिरतं. आता आधी विशेष ठरावाने आर्टिकल्समध्ये तशी तरतूद घालायची आणि मग साधारण ठरावाने मेमोरँडममधलं भांडवल वाढवायचं. धाकट्या समजल्या जाणाऱ्या दस्तऐवजाला विशेष ठराव लागला आणि थोरल्याला साधारण! ‘मेमोरँडम श्रेष्ठ, आर्टिकल्स दुय्यम’ एवढंच पाठ केलेला माणूस इथे हमखास अडखळतो.

म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून मी एवढंच विचारतो, की ही गोष्ट कंपनीच्या बाहेरच्या जगाला सांगायची आहे, की आतल्या आत ठरवायची आहे? नाव, नोंदणीकृत कार्यालय कोणत्या राज्यात, उद्दिष्टं, सभासदांची जबाबदारी किती, भांडवल किती आणि पहिले सह्या करणारे कोण, हे सगळं मेमोरँडममध्ये येतं. शेअरचं हस्तांतर कसं होईल, सभा कशा घ्यायच्या, संचालकांचे अधिकार काय, लाभांश कसा द्यायचा, हे आर्टिकल्समध्ये. नव्वद टक्के सरळ प्रश्न इथेच सुटतात. उरलेले दहा टक्के म्हणजे वरच्यासारखे, जिथे एक गोष्ट दोन्हीकडे पाय ठेवून असते.

कार्यालयाचा प्रश्न असाच. मेमोरँडममध्ये पूर्ण पत्ता नसतो, फक्त राज्य असतं. हे लक्षात असेल तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं. कार्यालय त्याच शहरात हलवलं तर मेमोरँडमला हात लागत नाही, संचालक मंडळाचा ठराव पुरतो. शहराच्या हद्दीबाहेर पण त्याच राज्यात नेलं तर विशेष ठराव लागतो, पण मेमोरँडम तसंच राहतं. राज्य बदललं तर मात्र मेमोरँडमच बदलतं, आणि मग विशेष ठरावासोबत केंद्र सरकारची मंजुरीही लागते. ‘मुंबईहून पुण्याला कार्यालय हलवलं, मेमोरँडमचं कोणतं कलम बदलावं लागेल?’ या प्रश्नाचं उत्तर ‘कोणतंच नाही’ असं आहे. चार पर्यायांत ते बहुधा शेवटचं असतं आणि तिथपर्यंत नजर पोचत नाही.

मर्यादा ओलांडली तर काय होतं, हा दोघांमधला सर्वात खरा फरक. 1875 च्या ॲशबरी रेल्वे कॅरेज विरुद्ध रिचे या इंग्लिश खटल्यातली कंपनी रेल्वेचे डबे बनवण्या-विकण्याच्या धंद्यासाठी काढलेली होती. संचालकांनी बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्याला पैसा पुरवायचा करार केला. तो उद्दिष्टांच्या बाहेरचा, म्हणून मुळातच शून्य. सगळ्या भागधारकांनी एकमुखाने मान्यता दिली असती तरी जिवंत झाला नसता, असा निकाल लागला. याच्या शेजारी 1856 चा रॉयल ब्रिटिश बँक विरुद्ध टर्क्वाँड ठेवा. कंपनीच्या नियमांनुसार कर्ज काढायला सभेचा ठराव हवा होता आणि तो रीतसर झालेला नव्हता. तरी बँकेला पैसे परत मिळाले, कारण आतला ठराव झाला की नाही हे बाहेरच्याने तपासत बसायचं नसतं. प्रश्नात ‘मान्यता देता येईल का?’ असं दिसलं की आधी बघा, हद्द कोणती ओलांडली. मेमोरँडमची ओलांडली असेल तर उत्तर ‘नाही’. फक्त आर्टिकल्सची ओलांडली असेल तर सभासद ती चूक सावरून घेऊ शकतात.

जुन्या प्रश्नसंचांबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. 1956 च्या कायद्यात ‘टेबल ए’ म्हणजे नमुना आर्टिकल्स. 2013 च्या कायद्यात ‘टेबल ए’ म्हणजे शेअरने मर्यादित कंपनीचं नमुना मेमोरँडम, आणि तिचे नमुना आर्टिकल्स ‘टेबल एफ’मध्ये गेलेत. अक्षर तेच, कागद वेगळा. 2013 च्या आधीचा संच हातात असेल तर असे प्रश्न सरळ ओलांडून पुढे जा.

आता प्रायव्हेट आणि पब्लिक. हा वेगळा धडा म्हणून शिकवतात, पण मला तो आधीच्याच धड्याचा पुढचा भाग वाटतो. कंपनी प्रायव्हेट कशामुळे ठरते? तिच्या आर्टिकल्समध्ये तीन बंधनं असतात म्हणून: शेअर हस्तांतरावर निर्बंध, सभासदसंख्या 200 पर्यंत, आणि लोकांना रोखे घेण्याचं आवाहन करायला मनाई. ही बंधनं मेमोरँडममध्ये नसतात. ‘प्रायव्हेट कंपनीची वैशिष्ट्यं कोणत्या दस्तऐवजात असतात?’ हा प्रश्न अनेकांना दोन धड्यांच्या मध्ये गाठतो, कारण दोन्ही तक्ते स्वतंत्र पाठ केलेले असतात.

आकडे मात्र पाठच लागतात, तिथे तर्क चालत नाही:

| बाब | प्रायव्हेट | पब्लिक |
|---|---|---|
| किमान सभासद | 2 | 7 |
| कमाल सभासद | 200 | मर्यादा नाही |
| किमान संचालक | 2 | 3 |
| सभेची गणपूर्ती | 2 | सभासदसंख्येनुसार 5, 15 किंवा 30 |

गणपूर्तीचे आकडे असे वाचायचे: सभासद 1000 पर्यंत असतील तर 5, त्यावर 5000 पर्यंत 15, आणि त्याहून जास्त असतील तर 30. किमान भरणा भांडवल, प्रायव्हेटला 1 लाख आणि पब्लिकला 5 लाख, ही अट 2015 च्या दुरुस्तीने निघून गेली. तरी ती पर्यायांत अजून भेटते. जुन्या कायद्यातली 50 सभासदांची मर्यादाही तशीच हटवादीपणे डोकावते.

200 चा आकडा सोपा वाटतो, पण मोजणीत माणसं घसरतात. एक उदाहरण पूर्ण सोडवू. एका प्रायव्हेट कंपनीच्या सभासद नोंदवहीत 214 नावं आहेत. त्यात 12 जण सध्या कंपनीत नोकरीला आहेत. चौघं पूर्वी नोकरीत होती, नोकरीत असतानाच सभासद झाली आणि नोकरी सोडल्यावरही शेअर धरून आहेत. तिघं माजी कर्मचारी आहेत, पण त्यांनी शेअर नोकरी सोडल्यानंतर घेतले. बाकीच्यांत पाच जोड्या संयुक्त धारक आहेत. कंपनी आणखी किती सभासद घेऊ शकते?

सध्याचे 12 कर्मचारी मोजायचे नाहीत, उरले 202. नोकरीत असताना सभासद झालेली आणि अजून सभासद असलेली चौघंही वगळायची, उरले 198. नंतर शेअर घेतलेले तिघे मात्र मोजायचे; त्यांचं ‘माजी कर्मचारी’ असणं इथे कामाचं नाही, कारण सूट फक्त नोकरीत असताना सभासदत्व मिळवून ते टिकवणाऱ्यांना आहे. संयुक्त धारक मिळून एकच सभासद, म्हणून पाच जोड्यांतली पाच नावं कमी झाली. हिशेब आला 193, म्हणजे आणखी 7 जागा. ज्यांनी ते तिघेही वगळले त्यांचं उत्तर 10 येतं, आणि प्रश्न काढणाऱ्याने 10 हा पर्याय ठेवलेलाच असतो.

दोन्ही धडे एकाच प्रश्नात भेटतात ते रूपांतराच्या वेळी. प्रायव्हेट कंपनीला पब्लिक व्हायचं तर कुठला कागद बदलायचा? दोन्ही. विशेष ठरावाने आर्टिकल्समधली ती बंधनं काढायची. त्या बदलाच्या तारखेपासून कंपनी प्रायव्हेट राहत नाही. नावातला ‘प्रायव्हेट’ शब्दही जायला हवा, आणि नाव मेमोरँडममध्ये असतं. एरवी नाव बदलायला केंद्र सरकारची मंजुरी लागते, पण रूपांतरामुळे फक्त हा एक शब्द घालायचा किंवा काढायचा असेल तर लागत नाही. उलट दिशेने, पब्लिकची प्रायव्हेट व्हायला, आर्टिकल्सच्या बदलालाच सरकारची मंजुरी हवी. आधी ती राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची लागायची. 2018 च्या अध्यादेशाने ते काम केंद्र सरकारकडे गेलं. प्रश्नात ‘न्यायाधिकरण’ आणि ‘केंद्र सरकार’ असे दोन्ही पर्याय दिसले तर आजच्या कायद्यानुसार दुसरा.

आणि एक प्रश्न असा, ज्यात आर्टिकल्स वाचूनही फसायला होतं. ‘ब’ कंपनीच्या आर्टिकल्समध्ये तिन्ही बंधनं व्यवस्थित आहेत, सभासद नऊ, नावाच्या शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’. तिचे 60 टक्के शेअर आणि तेवढीच मतं ‘अ’ या पब्लिक कंपनीकडे आहेत. ‘ब’ कोणत्या प्रकारची? कायद्याच्या नजरेत ती पब्लिक, कारण प्रायव्हेट नसलेल्या कंपनीची उपकंपनी तिच्या आर्टिकल्समध्ये प्रायव्हेट म्हणून राहिली तरीही पब्लिकच मानली जाते. प्रश्नातलं ‘60 टक्के’ नजरेतून सुटलं तर बाकी सगळं बरोबर वाचूनही खूण चुकीच्या चौकटीत पडते.